शेवटी संदर्भ आहे, पण वाक्ये पुस्तकाची: निष्काळजी उचल की फसलेला सारांश?

प्रश्न: पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे निबंध तपासते आहे. एका निबंधात परिच्छेदाच्या शेवटी संदर्भ व्यवस्थित दिला आहे, पण वाक्ये पुस्तकाच्या फार जवळ जातात. सहकारी म्हणतात, सरळ नक्कल आहे. मला वाटते, मुलाला सारांश करणे जमलेले नाही. सॉफ्टवेअर १९ टक्के साम्य दाखवते. यातले खरे काय, हे कसे ओळखायचे? आणि गुण कापायचे तर कशाचे?

उत्तर:

आधी ते १९ टक्के बाजूला ठेवा. साम्य मोजणारे सॉफ्टवेअर सलग जुळणाऱ्या शब्दांच्या लडी शोधते. त्यात अवतरण चिन्हांतला मजकूर येऊ शकतो, शेवटची ग्रंथसूची येऊ शकते, ज्यांना दुसरा शब्दच नाही अशा संज्ञाही येतात. उलट दुसऱ्या भाषेतल्या पुस्तकातून ओळीमागून ओळ भाषांतर करून आणलेला परिच्छेद बहुतेक वेळा त्यातून निसटतो. कुठे पाहायचे एवढे तो आकडा सांगतो. तिथे काय घडले, हे पुस्तक शेजारी उघडून तुम्हालाच बघावे लागते.

निबंधातला परिच्छेद नुसता वाचून हा निकाल देऊ नका. मूळ पान मिळवा, त्यातल्या वाक्यांना १, २, ३ असे क्रमांक द्या. मग निबंधातल्या प्रत्येक वाक्यासमोर समासात, ते पुस्तकातल्या कुठल्या वाक्यातून आले तो क्रमांक लिहा. शब्द जसेच्या तसे असतील तिथे खाली रेघ ओढा आणि संदर्भ जिथे दिला आहे तिथे गोल करा. एका परिच्छेदाला पाच-दहा मिनिटे लागतात. पण त्यानंतर ‘मला वाटते’ आणि ‘सहकारी म्हणतात’ यांत अडकायला होत नाही. समोर खुणा असतात.

एक नमुना सोडवून दाखवते. निबंधाचा विषय असा धरा: ‘ठोस पुरावा समोर असूनही तो का नाकारला जातो?’ विद्यार्थ्यांना दिलेल्या पुस्तकात पान ४२ वर हा मजकूर आहे असे समजा. मी तो उदाहरणासाठीच लिहिला आहे:

‘(१) व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते, पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी काम करत, दुसऱ्यात सुईणी. (२) प्रसूतिज्वराने दगावणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण पहिल्या विभागात बरेच जास्त होते. (३) १८४७ मध्ये शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून तिथे काम करणाऱ्या सेमेलवाईस यांचा सहकारी कोलेच्का मरण पावला, आणि त्याच्या शरीरातील बदल प्रसूतिज्वराने गेलेल्या स्त्रियांसारखेच आढळले. (४) यावरून शवविच्छेदन करून आलेल्या हातांवरचे कण हे कारण असावे, असा तर्क सेमेलवाईस यांनी केला आणि क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम घालून दिला. (५) त्या वर्षी एप्रिलमध्ये १८ टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्युदर जूनमध्ये अडीच टक्क्यांच्या खाली आला. (६) मात्र हे कण शरीरात नेमके काय करतात हे त्यांना सांगता आले नाही, आणि अनेक समकालीन डॉक्टरांनी त्यांचा निष्कर्ष स्वीकारला नाही.’

पहिल्या विद्यार्थ्याने लिहिले:

‘सेमेलवाईस हा एक हुशार डॉक्टर होता. त्याने दवाखान्यात सगळ्यांना हात धुवायला लावले. यावरून शवविच्छेदन करून आलेल्या हातांवरचे कण हे कारण असावे, असा तर्क सेमेलवाईस यांनी केला आणि क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम घालून दिला. त्यामुळे खूप बायका वाचल्या. मात्र हे कण शरीरात नेमके काय करतात हे त्यांना सांगता आले नाही, आणि अनेक समकालीन डॉक्टरांनी त्यांचा निष्कर्ष स्वीकारला नाही (पृ. ४२).’

दुसऱ्याने लिहिले:

‘व्हिएन्नाच्या दवाखान्यात बाळंतपणाचे दोन वॉर्ड होते. एकात डॉक्टर आणि शिकाऊ मुले असायची, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या वॉर्डात प्रसूतिज्वराने जास्त बायका मरायच्या. १८४७ मध्ये प्रेत कापताना सुरी लागून कोलेच्का वारला आणि त्यालाही तसेच झाले होते. मग सेमेलवाईसने सिद्ध केले की प्रेतावरच्या जंतूंमुळे हा ताप येतो आणि क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. मृत्यू १८ टक्क्यांनी कमी झाले. पण डॉक्टरांनी त्याचे ऐकले नाही (पृ. ४२).’

पहिल्या परिच्छेदात रेघा कशा पडतात बघा. दोन वाक्ये पूर्ण पुस्तकाची, अवतरण चिन्हांशिवाय. आजूबाजूची तीन वाक्ये विद्यार्थ्याची. पण रेघांच्या आधीच दोन खुणा कानाला लागायला हव्यात. एक म्हणजे ‘यावरून’. कशावरून? पुस्तकात ते कोलेच्काच्या मृत्यूकडे बोट दाखवते, आणि निबंधात कोलेच्का आलेलाच नाही. असे पोरके जोडशब्द, म्हणजे ‘यावरून’, ‘वर पाहिल्याप्रमाणे’, ‘दुसरीकडे’, हे वाक्य दुसऱ्या जागेवरून उचलल्याचा फार भरवशाचा पुरावा असतात, कारण उचलणाऱ्याला मागचे वाक्य आणायचे भान राहत नाही. दुसरी खूण आदरार्थी रूपाची. सुरुवातीला ‘डॉक्टर होता’, ‘त्याने’; पुढे एकदम ‘सेमेलवाईस यांनी केला’, ‘त्यांना सांगता आले नाही’. मराठी निबंधात एकाच माणसाबद्दल एकेरी आणि आदरार्थी यांची अशी ये-जा दिसली, की शिवण तिथेच असते. कुठे ‘दवाखाना’ आणि कुठे ‘शवविच्छेदन’, कुठे तुटक वाक्ये आणि कुठे दोन क्रियापदांचे लांब वाक्य, हेही त्याच जातीचे.

आता दुसऱ्या परिच्छेदात रेघा ओढायला जा. जवळजवळ काही सापडत नाही. ‘कोलेच्का’, ‘१८४७’, ‘प्रसूतिज्वर’, ‘सुईणी’ हे शब्द सारखे आहेत, पण ते मोजायचेच नसतात. नावे, वर्षे आणि ठरलेल्या संज्ञा बदलता येत नाहीत, बदलूही नयेत. भाषा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच मुलाची आहे. पण समासातले क्रमांक बघा: १, १, २, ३, ४, ५, ६. पुस्तक ज्या क्रमाने चालले त्याच क्रमाने हा चालला आहे, एकही वाक्य गाळलेले नाही, दोन वाक्ये एकत्र केलेली नाहीत, काही पुढे-मागे केलेले नाही. निबंधाला हवे होते ते शेवटच्या वाक्यात. त्याला आणि विभागांच्या वर्णनाला सारखीच जागा मिळाली आहे. याला सारांश म्हणता येत नाही. ही वाक्यागणिक केलेली उजळणी आहे.

आणि मग अर्थ तपासा, कारण खरा फरक तिथे उघडा पडतो. पुस्तकात सेमेलवाईस यांचा ‘तर्क’ आहे. निबंधात त्यांनी ‘सिद्ध केले’. पुस्तकात ‘कण’ आहेत, निबंधात ‘जंतू’. रोग सूक्ष्मजंतूंमुळे होतात हा विचार पाश्चर आणि कॉख यांच्या कामातून पुढच्या काही दशकांत रुजला. १८४७ मध्ये सेमेलवाईस यांच्याकडे ते स्पष्टीकरण नव्हतेच, आणि त्यांच्या अडचणीचे एक मूळ तिथे होते. पुस्तकात मृत्युदर १८ टक्क्यांवरून खाली आला. निबंधात तो १८ टक्क्यांनी कमी झाला. एक प्रत्यय बदलला आणि आकडा खोटा झाला. शेवटी, कण काय करतात हे सांगता आले नाही, हा भाग पूर्ण गळाला. निबंधाचे उत्तर ज्या अर्ध्या वाक्यात होते तेच विद्यार्थ्याने टाकून दिले, आणि डॉक्टर नुसते हट्टी ठरले.

पहिल्याच्या परिच्छेदात यातली एकही चूक नाही. ‘तर्क’ तर्कच राहिला, ‘कण’ कणच राहिले. राहणारच, कारण ती वाक्ये लेखकाची आहेत. निष्काळजी उचलीत अर्थ शाबूत असतो आणि मालकी चुकते. फसलेल्या सारांशात मालकी बहुधा सांगितलेली असते आणि अर्थ सांडतो. तुमच्या निबंधातल्या परिच्छेदाला हाच प्रश्न विचारा: इथे बिघडले काय, वाक्य कोणाचे हे की वाक्य काय म्हणते हे?

म्हणूनच सॉफ्टवेअरच्या आकड्यावर विसंबले तर निवाडा तिरका होतो. पहिल्या निबंधाचा आकडा वर जाईल, दुसरा अलगद सुटेल. पहिल्याने अवतरण चिन्हांच्या दोन जोड्या घातल्या असत्या आणि ‘यावरून’ सोडवला असता, तर परिच्छेद नियमात बसला असता. दुसऱ्याला मात्र तो उतारा पुन्हा वाचावा लागणार आहे. अध्यापनाच्या दृष्टीने मला दुसऱ्याची जास्त काळजी वाटते.

प्रत्यक्षात तुमच्यासमोर आलेला निबंध या दोन्हींच्या मधला असण्याची शक्यता मोठी आहे. सर्वांत जास्त वाद होतात ते अशा वाक्यावर: ‘यावरून प्रेतांच्या संपर्कात आलेल्या हातांवरील कण हे मूळ असावे, असे अनुमान सेमेलवाईस यांनी काढले आणि क्लोरिनमिश्रित चुन्याच्या पाण्याने हस्तप्रक्षालनाचा दंडक घातला.’ वाक्याचा सांगाडा पुस्तकाचा, फक्त शब्दाला शब्द बदलला आहे. अमेरिकेतल्या लेखन-अध्यापिका रिबेका मूर हॉवर्ड यांनी १९९० च्या दशकात या प्रकाराला ‘पॅचरायटिंग’ हे नाव दिले. त्यांचे म्हणणे असे, की अपरिचित विषयाचा मजकूर वाचणारा नवशिका बऱ्याचदा फसवण्यासाठी असे करत नाही. त्या मजकुराची भाषा अजून त्याच्या हाती आलेली नसते, म्हणून तो लेखकाच्या वाक्याला धरून चालतो. हे मला पटते, पण एका मर्यादेपर्यंत. अशा वाक्याच्या शेवटी संदर्भ असला तरी तो एवढेच सांगतो की विचार लेखकाचा आहे. वाक्याची रचनाही त्याचीच आहे, हे तो सांगत नाही. त्यामुळे दुरुस्ती करायलाच हवी. मात्र दुरुस्ती कुठली, हे बदललेल्या शब्दांवरून ठरते. जो मुलगा बाकी निबंधात ‘दवाखाना’ आणि ‘वॉर्ड’ लिहितो तो अचानक ‘हस्तप्रक्षालन’ लिहितो, तेव्हा त्याने रेघ लपवायचा प्रयत्न केला असावा, अशी शंका रास्त आहे. ज्याने ‘प्रसूतिज्वर’ या संज्ञेलाच ‘जन्माचा ताप’ करून टाकले त्याला कुठला शब्द हलवायचा आणि कुठला नाही हे कळलेले नाही. तो न समजण्याचा प्रश्न आहे. आणि दोन्ही एकत्रही असू शकते.

संदर्भाचा गोल कुठे पडला, याकडेही तितकेच लक्ष हवे. परिच्छेदाच्या शेवटी एकच ‘(पृ. ४२)’ असेल तर तो कुठल्या वाक्यापासून लागू होतो? पहिल्या विद्यार्थ्याच्या परिच्छेदात ‘हुशार डॉक्टर होता’ हे पुस्तकात नाहीच. ते त्याचे स्वतःचे मत आहे, आणि संदर्भाच्या कक्षेत नकळत तेही लेखकाच्या खात्यात गेले. शेवटचा संदर्भ मागच्या पाच वाक्यांवर पांघरला जातो तेव्हा वाचकाला लेखकाचे कुठे संपते आणि विद्यार्थ्याचे कुठे सुरू होते हे कळत नाही. यात लबाडी असतेच असे नाही. ‘परिच्छेदाच्या शेवटी संदर्भ द्या’ असे कोणीतरी शिकवलेले असते आणि मुलाने ते अक्षरशः पाळलेले असते. उपाय सुरुवातीला आहे: ज्या वाक्यापासून उसने सुरू होते त्यात लेखकाचे नाव घ्यायचे, जिथे संपते तिथे पान द्यायचे.

त्याच पानाचा नीट केलेला उपयोग कसा दिसतो, हे विद्यार्थ्यांना दाखवायला हवे, नाहीतर ‘स्वतःच्या शब्दांत लिहा’ या सूचनेचा अर्थ ते ‘शब्द बदला’ असाच घेतात. उदाहरणार्थ: ‘पाठ्यपुस्तकाच्या लेखकाने दिलेल्या माहितीनुसार, सेमेलवाईस यांनी डॉक्टरांना हात धुणे सक्तीचे केले त्या वर्षी मृत्युदर दोन महिन्यांत १८ टक्क्यांच्या आसपासवरून अडीच टक्क्यांच्या खाली गेला, तरी अनेक डॉक्टरांनी त्यांचे म्हणणे मानले नाही, हातांवरचे कण रोग कसा घडवतात याचा खुलासा त्यांच्याकडे नव्हता, हेही लेखक नोंदवतो (पृ. ४२). या दोन गोष्टींचा संबंध असावा असे मला वाटते: कारण कळल्याशिवाय नुसता आकडा पटत नाही.’ समासातले क्रमांक इथे ४, ५, ६, पुन्हा ६ असे पडतात. १ ते ३ गाळले, कारण या निबंधाला त्यांची गरज नाही. पुस्तकाने खुलासा नसणे आणि न स्वीकारणे शेजारी ठेवले आहे, पण एकामुळे दुसरे झाले असे म्हटलेले नाही. तो दुवा विद्यार्थ्याने जोडला आणि ‘मला वाटते’ म्हणून स्वतःच्या नावावर घेतला, तोही संदर्भाच्या बाहेर. सारांश आणि संदर्भ ही दोन वेगळी कौशल्ये नाहीत हे इथे दिसते. काय लेखकाचे आणि काय आपले, हे ज्याला कळले त्याचा संदर्भ योग्य जागी पडतो.

भाषांतराबद्दल थोडेसे. विद्यार्थ्याने दुसऱ्या भाषेतले पुस्तक वापरले असेल तर प्रत्येक शब्द नवा असतो आणि तो मनापासून म्हणतो, ‘मी स्वतः लिहिले आहे.’ तिथे रेघा निरुपयोगी, क्रमांक मात्र कामाचे. वाक्यांचा क्रम तोच, उदाहरणे तीच, कंसातली टिप्पणीसुद्धा त्याच जागी, असे निघाले तर ते भाषांतर आहे आणि तसे सांगायला हवे. सुरुवातीला लेखकाचे नाव आणि ‘अनुवाद माझा’ अशी नोंद, एवढ्याने काम भागते.

खुणा झाल्यावर विद्यार्थ्याशी बोला, आरोपाची भाषा न आणता. निबंध आणि पुस्तक दोन्ही मिटून विचारा, ‘या परिच्छेदात काय म्हटले आहेस ते सांग.’ पहिल्या प्रकारचा विद्यार्थी पुष्कळदा छान सांगतो, ‘यावरून म्हणजे कशावरून?’ विचारले की कोलेच्काची गोष्टही सांगतो. त्याला विषय कळलेला असतो, टिपणे काढताना घोळ झालेला असतो. त्याची वही मागवा. तिथे पुस्तकाची वाक्ये आणि त्याचे विचार एकाच शाईत, चिन्हांशिवाय, पान क्रमांकाशिवाय सापडली, तर वाक्य आपले की पुस्तकाचे हे त्यालाही नंतर ओळखू आले नाही हे मानायला जागा आहे. दुसऱ्या प्रकारचा विद्यार्थी ‘तर्क आणि सिद्ध यांत फरक काय?’ या प्रश्नावर थांबतो. आणि जो पहिल्या प्रकारासारखे लिहून उताऱ्याबद्दल काहीच सांगू शकत नाही, ज्याच्या निबंधात अशी वाक्ये वेगवेगळ्या पुस्तकांतून पानोपानी आहेत आणि नेमक्या त्याच पुस्तकांचे संदर्भ गायब आहेत, त्याचे प्रकरण निष्काळजीपणाच्या पलीकडचे आहे. मात्र वही नसणे हा कशाचाही पुरावा नव्हे, आणि घाबरून गप्प बसणेही नव्हे. हेतू मजकुरावरून वाचता येत नाही. मजकुरावरून काय झाले एवढेच ठरते.

आता गुणांचे. एकाच दोषाला दोन रकान्यांत गुण कापले जाणार नाहीत, हे आधी पाहा. निष्काळजी उचलीचे गुण संदर्भ आणि स्रोतांचा वापर या रकान्यात कापा, आकलनाचे कापू नका. त्या उचललेल्या वाक्यांना लेखनशैलीचे गुणही देऊ नका, ती त्याची नाहीत. फसलेल्या सारांशाचे गुण आकलन आणि मांडणीत कापा. संदर्भाचे, तो जागेवर असेल तर, पूर्ण द्या. समासात शेराही नेमका हवा. ‘स्वतःच्या शब्दांत लिहा’ हा शेरा पहिल्याला शब्द बदलायला लावतो, म्हणजे उचल झाकायला शिकवतो. त्याला लिहा: ‘ही दोन वाक्ये पुस्तकातली आहेत. अवतरण चिन्हे घाल, किंवा पुस्तक मिटून पुन्हा लिही.’ दुसऱ्याला लिहा: ‘निबंधाच्या प्रश्नाला या पानातले कुठले वाक्य उत्तर देते? तेवढेच घेऊन दोन वाक्यांत लिही, मग आकडा आणि “तर्क” हा शब्द पुस्तकाशी ताडून बघ.’ पुस्तक मिटून लिहायचे आणि ताडताना उघडायचे, हा क्रम महत्त्वाचा आहे. उघड्या पुस्तकासमोर बसून लिहिले की वाक्याचा सांगाडा आपोआप उतरतो.

तुमच्या संस्थेच्या नियमात अवतरण चिन्हांशिवाय आलेले प्रत्येक वाक्य कळवणे बंधनकारक असेल, तर कळवावेच लागेल. तो निर्णय तुमच्या एकटीचा नाही. पण अहवालात ‘नक्कल’ किंवा ‘१९ टक्के’ एवढेच लिहू नका. किती वाक्ये शब्दशः आहेत, त्यांना संदर्भ होता की नव्हता, बाकी परिच्छेद कोणाच्या भाषेत आहे आणि उताऱ्याबद्दल विचारल्यावर विद्यार्थ्याने काय सांगितले, हे लिहा. सोबत क्रमांक घातलेले मूळ पान आणि निबंधाचे पान जोडा. तुमच्या सहकाऱ्यांनाही तीच दोन पाने दाखवा.